लंब बल म्हणजे वजन नव्हे: "N = mg नेहमीच" या ट्रिकचा प्रतिवाद

विद्यार्थी: मॅडम, अकरावीच्या मुलांमध्ये ही ट्रिक सगळीकडे फिरतेय, वाचून दाखवतो: "वजन ही क्रिया, नॉर्मल फोर्स ही प्रतिक्रिया; तिसऱ्या नियमाने दोन्ही समान, म्हणून N = mg नेहमीच. वस्तू ढकला नाही तर ओढा, घर्षण μmg च. लिफ्टमध्ये काटा वेगळा आकडा दाखवतो कारण वजनच बदलतं. उतारावर तेवढा mg cosθ, हा अपवाद पाठ करा." हे बरोबर आहे का?

शिक्षिका: चारही वाक्यं चुकीची आहेत. पहिलं चुकलं की बाकीची आपोआप चुकतात, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करू. टेबलावर वही ठेवलीय. वहीचं वजन म्हणजे कोणी कोणावर लावलेलं बल?

विद्यार्थी: पृथ्वीने वहीवर.

शिक्षिका: मग त्याची प्रतिक्रिया शोधायची तर फक्त नावांची अदलाबदल करायची: वहीने पृथ्वीवर लावलेलं बल. वहीसुद्धा पृथ्वीला तेवढ्याच जोराने वर ओढते. यात टेबल कुठे आलं?

विद्यार्थी: कुठेच नाही. मग टेबलाच्या लंब बलाची, म्हणजे नॉर्मल फोर्स N ची, जोडी कोणती?

शिक्षिका: टेबल वहीला वर रेटतं, वही टेबलाला खाली रेटते. ही जोडी. तिसऱ्या नियमातली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर लागतात आणि एकाच जातीची असतात: दोन्ही गुरुत्वाकर्षणाची, नाहीतर दोन्ही स्पर्शाची. वजन आणि N दोन्ही वहीवरच लागतात, आणि एक गुरुत्वाचं तर दुसरं स्पर्शाचं. ती जोडी असूच शकत नाहीत. खात्री करायची तर वही उचलून हातातून सोड. पडताना तिचं वजन तेवढंच असतं, N मात्र शून्य. खरी जोडी असती तर एक शिल्लक राहून दुसरं नाहीसं झालंच नसतं.

विद्यार्थी: पण टेबलावर असताना दोन्ही समान येतात हे तर खरं ना?

शिक्षिका: येतात, पण ते दुसऱ्या नियमामुळे. वही वर-खाली हलत नाही, म्हणजे उभ्या दिशेचं त्वरण शून्य, म्हणजे त्या दिशेच्या बलांची बेरीज शून्य. उभ्या दिशेला दोनच बलं असली तर ती समान असणारच. वहीवर हात ठेवून दाबलंस की तिसरं बल आलं आणि समानता संपली.

विद्यार्थी: टेबलाला कसं कळतं की आता जास्त जोर लावायचाय?

शिक्षिका: टेबल किंचित दबतं. डोळ्यांना दिसणार नाही इतकं, पण पृष्ठभागाचे अणू जवळ ढकलले जातात आणि त्यांच्यातलं विद्युत प्रतिकर्षण वाढतं. जास्त दाबलं की जास्त दबतं आणि जास्त रेटतं. वस्तू पृष्ठभागात घुसू नये इतकं बल मिळेपर्यंत हे चालतं. टेबलाची ताकद संपली तर ते मोडतं. त्यामुळे N ला स्वतःचं ठरलेलं सूत्र नाही. गुरुत्वाला mg आहे, N ला तसं काही नाही. तो प्रत्येक वेळी समीकरणातून काढावा लागतो.

विद्यार्थी: काढायचा कसा?

शिक्षिका: एकच वस्तू वेगळी काढ. तिच्यावर बाहेरून लागणारी सगळी बलं बाणांनी दाखव. एक अक्ष पृष्ठभागाला लंब घे. त्या अक्षावरच्या बलांच्या घटकांची बेरीज = वस्तुमान × त्याच अक्षावरचं त्वरण. त्यातून जे येईल ते N. आता दुसऱ्या वाक्यावर हेच वापरू. खरं नुकसान तिथेच होतं, कारण N चुकला की घर्षण चुकतं आणि पुढचं अख्खं गणित जातं. २० किलोचं खोकं, सपाट फरशी. g = ९.८ धर. स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, गतिज घर्षणाचा ०.३. तू १०० न्यूटन बलाने ढकलतोयस, पण हात खोक्यापेक्षा उंच आहेत, म्हणून बल आडव्या रेषेच्या ३०° खाली झुकलंय.

विद्यार्थी: वजन १९६ न्यूटन. बलाचा आडवा घटक १०० × ०.८६६ = ८६.६, उभा घटक १०० × ०.५ = ५०, खालच्या दिशेला.

शिक्षिका: ट्रिकप्रमाणे काय उत्तर येतं?

विद्यार्थी: घर्षणाची मर्यादा ०.४ × १९६ = ७८.४. मी ८६.६ लावतोय, म्हणजे खोकं सरकेल.

शिक्षिका: आता उभ्या दिशेचं समीकरण मांड.

विद्यार्थी: वर N, खाली १९६ आणि ५०. उभं त्वरण शून्य. N = २४६. मर्यादा ०.४ × २४६ = ९८.४. अरे, ८६.६ त्याहून कमी आहे! खोकं हलणारच नाही.

शिक्षिका: मग घर्षण किती लागतंय?

विद्यार्थी: ९८.४.

शिक्षिका: थांब, ही दुसरी नेहमीची चूक. ९८.४ ही कमाल मर्यादा आहे. खोकं स्थिर आहे, म्हणून घर्षण तुझ्या आडव्या घटकाइतकंच, ८६.६. जास्त लागलं असतं तर खोकं तुझ्याच अंगावर आलं असतं. आता त्याच खोक्याला दोरी बांध आणि तेवढ्याच १०० न्यूटनने, ३०° वरच्या दिशेने ओढ.

विद्यार्थी: आता ५० न्यूटन वर. N = १९६ − ५० = १४६. मर्यादा ५८.४, आडवा घटक ८६.६. सरकेल. सरकल्यावर घर्षण ०.३ × १४६ = ४३.८. उरतात ४२.८, भागिले २०, त्वरण साधारण २.१४ मीटर प्रति सेकंद वर्ग.

शिक्षिका: खोकं तेच, बल तेवढंच, कोन तेवढाच. एकीकडे जागचं हलत नाही, दुसरीकडे वेग घेतं. N = mg धरलं की दोन्हीकडे एकच उत्तर येतं आणि ढकलण्याचं साफ चुकतं. हलवायला कमीत कमी किती बल लागेल ते काढ.

विद्यार्थी: ढकलताना ०.८६६F = ०.४(१९६ + ०.५F). म्हणजे ०.६६६F = ७८.४, F साधारण ११८ न्यूटन. ओढताना १.०६६F = ७८.४, साधारण ७३.५ न्यूटन. इतका फरक?

शिक्षिका: आणि कोन वाढवत नेलास तर ढकलणं अशक्यच होतं. F चा गुणक cosθ − ०.४ sinθ आहे; tanθ = २.५ झालं, म्हणजे कोन ६८° च्या थोडा पुढे गेला, की तो शून्य होतो. त्यापुढे कितीही जोर लाव, तो जोर जेवढा पुढे रेटतो त्याहून जास्त घर्षणाची मर्यादा वाढवतो. म्हणून जड कपाट ढकलताना हात खाली, तळाजवळ आणि आडवे ठेवायचे. वरून झुकून जोर लावणारा माणूस फरशीलाच मदत करत असतो.

विद्यार्थी: आणि ५०० न्यूटनने, त्याच ३०° कोनात वर ओढलं तर? N = १९६ − २५० = उणे ५४?

शिक्षिका: फरशीला डिंक लावलेला नाही. ती रेटू शकते, ओढू शकत नाही. N उणे आला याचा अर्थ खोक्याने फरशी सोडली. मग N शून्य, घर्षणही शून्य, आणि उरलेले ५४ न्यूटन त्याला वर उचलतात: ५४ ÷ २० = २.७ मीटर प्रति सेकंद वर्ग. उणे चिन्ह दिसलं की ते पुसून पुढे जायचं नाही, गणित N = ० घेऊन पुन्हा मांडायचं.

विद्यार्थी: आता लिफ्ट. तिथे तर आकडा खरंच बदलतो.

शिक्षिका: काट्याचा बदलतो, कारण काटा वजन मोजतच नाही. तुझे पाय त्याला किती दाबतात तेवढंच त्याला समजतं, आणि तिसऱ्या नियमाने ते N इतकं असतं. ५० किलोचा माणूस, लिफ्टचं त्वरण १.२ वरच्या दिशेने. N − ४९० = ५० × १.२, N = ५५०. काटा ५५० ला ९.८ ने भागून ५६.१ किलो दाखवेल. पृथ्वीची ओढ मात्र ४९० च आहे. काही पुस्तकं काट्याच्या आकड्याला "आभासी वजन" म्हणतात. म्हणा, पण mg च्या जागी तो आकडा घालू नका.

विद्यार्थी: म्हणजे लिफ्ट वर जाताना जास्त, खाली येताना कमी.

शिक्षिका: नाही. वर जाणारी लिफ्ट मजला जवळ आला की मंदावते. तेव्हा वेग वरच्या दिशेला, पण त्वरण खालच्या. ते १.२ असेल तर N = ५०(९.८ − १.२) = ४३०, काट्यावर ४३.९ किलो. मधल्या काळात एकसमान वेगाने जाताना बरोब्बर ५०. वेगाची दिशा समीकरणात येतच नाही, त्वरणाची येते.

विद्यार्थी: उताराचं काय? तिथे तरी mg cosθ पाठच करावं लागेल ना?

शिक्षिका: अजिबात नको. आपलं २० किलोचं खोकं ३०° च्या गुळगुळीत, स्थिर उतारावर ठेव. अक्ष उताराला लंब. खोकं उतारावरून खाली घसरतंय, पण लंब दिशेला ना वर उठतं ना आत घुसतं, म्हणून त्या दिशेचं त्वरण शून्य. N = १९६ × ०.८६६ = १६९.७. नियम तोच, अपवाद कुठेच नाही. आता हा उतार म्हणजे चाकांवरची पाचर आहे असं समज. मी ती आडवी अशी ढकलते की तिचा तिरपा पृष्ठभाग खोक्याला पुढे रेटतो, आणि त्वरण नेमकं इतकं ठेवते की खोकं पाचरीवर घसरत नाही, तिच्याबरोबरच जातं. N किती?

विद्यार्थी: उतारच आहे, १६९.७.

शिक्षिका: खोक्याचं त्वरण कुठल्या दिशेला?

विद्यार्थी: आडवं. म्हणजे उभ्या दिशेला शून्य. N चा उभा घटक वजनाइतका हवा: N × ०.८६६ = १९६, N = २२६.३. हे तर वजनापेक्षा जास्त आलं!

शिक्षिका: आलं. mg cosθ नाही, mg/cosθ. घर्षण न धरता, बाहेरच्या बाजूने उचललेल्या वळणावरून ठराविक वेगाने जाणाऱ्या गाडीचंही असंच असतं, कारण तिथेही त्वरण आडवं, वळणाच्या केंद्राकडे असतं. लंब अक्ष घेऊन ताळा करून बघ.

विद्यार्थी: आडवं त्वरण g tan३०° = ५.६६. त्याचा उताराला लंब घटक ५.६६ × ०.५ = २.८३. मग N − १६९.७ = २० × २.८३ = ५६.६. N = २२६.३. जुळलं!

शिक्षिका: mg cosθ पाठ करणारा विद्यार्थी नेमका या ५६.६ न्यूटनला मुकतो, आणि वळणाच्या गणितात आपलं उत्तर का येत नाही हे त्याला कळत नाही.