६७ ला सी आणि ५५ ला बी

फायनलला १०० पैकी ४० च्या खाली गेलात तर इंटर्नल कितीही चांगले असोत, त्या विषयात सी च्या वर ग्रेड मिळणार नाही. आपल्या भागातल्या एका स्वायत्त कॉलेजात सध्या हा नियम आहे. निकाल लागल्यापासून त्यावरून पालकांचे फोन येताहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. मी स्वतः इंजिनिअरिंगच्या पोरांना गणित शिकवतो. नियमाचा हेतू मला पटतो, पण त्याची रचना अजिबात पटत नाही.

आधी एक घोळ मिटवू. फायनलला किमान गुण हवेतच, ही अट नवी नाही. बेळगावच्या व्हीटीयू या तांत्रिक विद्यापीठाच्या २०२२ च्या स्कीममध्ये इंटर्नलला ५० पैकी २०, फायनलला ५० पैकी १८ आणि दोन्ही मिळून १०० पैकी ४० लागतात. पण ती पास-नापासाची अट आहे. हा नियम पास झालेल्यांना लागतो. पोरगं पास आहे, एकूण गुणही बरे आहेत, तरी ग्रेड वरून दाबली जाते. खानापूरकडच्या एका मुलीची आई मला म्हणाली, "सर, पास झालीय म्हणता, मग ग्रेड कशी काय पडली हो?" प्रश्न रास्त आहे.

त्या मुलीचेच गुण बघा. इंटर्नल ५० पैकी ४७. फायनल १०० पैकी ३९, त्याचे निम्मे साडेएकोणीस, पूर्णांकात २०. एकूण ६७. तिथल्या तक्त्यात ६० ते ६९ ला बी प्लस, म्हणजे ७ ग्रेड पॉइंट. ५५ ते ५९ ला बी, म्हणजे ६. ५० ते ५४ ला सी, म्हणजे ५. तिला मिळाला सी. तिच्याच वर्गातल्या एकाचे इंटर्नल ३२, फायनल ४६ म्हणजे २३, एकूण ५५. त्याला बी. बारा गुण कमी असलेला वर गेला आणि जास्त असलेली खाली आली. विषय चार क्रेडिटचा आणि सेमिस्टर वीस क्रेडिटचं धरलं, तर दोन पॉइंट गुणिले चार, भागिले वीस, म्हणजे सेमिस्टरचा सरासरी ग्रेड पॉइंट, एसजीपीए, ०.४ ने घसरला. तोही एका गुणासाठी. ४० पडले असते तरी निम्मे करून २० च झाले असते, एकूण ६७ च राहिलं असतं, फक्त ग्रेड बी प्लस आली असती.

गंमत पुढेच आहे. तिच्या मार्ककार्डावर फायनलसमोर २० छापलेत. ५० पैकी २० म्हणजे बरोबर ४० टक्के. मग नियम लागलाच कसा? तर ऑफिसने मर्यादा मूळच्या ३९ ला लावली आणि बेरीज मात्र पूर्णांक करून केली. नियमाच्या कागदावर दोन्हीपैकी कुठला आकडा धरायचा, याबद्दल एक ओळसुद्धा नाही. अशा वेळी क्लार्कने घेतलेला अर्थ हाच नियम होऊन बसतो. पालकांनी भांडायचंच असेल तर आधी या मुद्द्यावर भांडावं, कारण तो कागदावर दाखवता येतो.

आता नियम का आला, तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. इंटर्नलचे गुण फुगतात. असाइनमेंट एकाची, सह्या चाळीस जणांच्या. प्रोजेक्ट गटात एक जण करतो, बाकीचे चहा आणतात. आणि आम्ही मास्तर लोकसुद्धा वर्गाचा निकाल बरा दिसावा म्हणून हात सैल सोडतो, हे नाकारून चालणार नाही. पोराने स्वतः बसून, कुणाला न विचारता काय लिहिलं ते फायनललाच कळतं. त्यामुळे इंटर्नल ४७ आणि फायनल ३९ दिसलं की परीक्षा विभागाला संशय येणारच.

पण आपल्या भागात नेमकी हीच तफावत दुसऱ्या कारणानेही पडते. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं पोर, खानापूरचं असो की निपाणीचं, लॅबमध्ये चोख असतं. तोंडी विचारलं तर उत्तर देतं, अडलं तर अर्धं मराठीत देतं आणि आम्ही ते मान्य करतो. छोट्या टेस्टमध्येही निभावतं. फायनलला सलग तीन तास इंग्रजीत लांबलचक लिहायचं म्हटलं की शेवटचे दोन प्रश्न राहतात. त्याला विषय येतो, हात चालत नाही. नियमाच्या नजरेला मात्र हे पोर आणि असाइनमेंट छापणारं पोर एकसारखंच दिसतं.

दोघांना वेगळं करणं अवघड नाही, इंटर्नल फोडून बघायचं फक्त. आमच्याकडे निम्मे गुण वर्गातल्या टेस्टचे आणि निम्मे असाइनमेंट वगैरेंचे असतात. टेस्टही देखरेखीखाली होतात. टेस्ट कमी, असाइनमेंट भरघोस आणि फायनल कमी असेल तर फुगवटा आहे, खुशाल कापा. पण टेस्ट चांगल्या, असाइनमेंट चांगल्या आणि एकटी फायनल कमी असेल, तर उत्तरपत्रिका काढून बघा. मागचे प्रश्न कोरे आहेत की चुकीचे लिहिलेत? त्या मुलीच्या टेस्ट चांगल्या होत्या. त्या कुणी उघडून बघितल्या नाहीत, कारण नियमात तसं बघायला सांगितलेलंच नाही.

आणखी एक गोष्ट तपासणाऱ्यांना ठाऊक असते, बोलत कुणी नाही. कुठल्याही आकड्यावर एवढं अवलंबून राहायला लागलं की तो आकडा स्वच्छ राहत नाही. ३८-३९ दिसले की दयाळू तपासनीस कुठूनतरी एक-दोन गुण शोधतो, कडक तपासनीस शोधत नाही. म्हणजे ग्रेड पेपर कुणाच्या हातात पडला यावर ठरते. ओळखायचं असेल तर ३० ते ५० मधल्या प्रत्येक गुणावर किती पोरं आहेत ते मोजा. ३८-३९ ला जवळपास कुणी नाही आणि ४० ला एकदम गर्दी असेल, तर मर्यादा तपासणीतच शिरली आहे. उलट ३८-३९ ला गर्दी असेल तर रिव्हॅल्युएशनच्या अर्जांचा गठ्ठा आलाच म्हणून समजा.

मग काय करावं? माझं म्हणणं असं. ४० वर रेघ मारू नका, इंटर्नलचे मोजायचे गुण फायनलला बांधा. ५० पैकी फायनलला जे गुण पडतील, त्यापेक्षा फार तर १५ जास्त इंटर्नल धरायचे. मुलीचे फायनल २०, म्हणून इंटर्नल ४७ ऐवजी ३५ धरले, एकूण ५५, ग्रेड बी. तिला एक पायरी फटका बसतो, पण ती त्या ५५ वाल्याच्या खाली जात नाही. त्याचे इंटर्नल ३२ च असल्याने त्याला काहीच लागत नाही. फुगवलेला घ्या: इंटर्नल ४६, फायनल १८. त्याचे ३३ धरले, एकूण ५१, सी. नियमाला हवं होतं ते झालं. फायनलचा एक गुण इकडेतिकडे झाला तर ग्रेड जास्तीत जास्त एक पायरी हलते, दोन नाही.

१५ च का, १२ का नाही, असं कुणी विचारेल. मागच्या दोन-तीन वर्षांचे निकाल घेऊन बसा आणि टेस्टमध्ये खरोखर चांगल्या असणाऱ्या पोरांची इंटर्नल-फायनल तफावत साधारण किती असते ते बघा, त्यावरून ठरवा. हाताने लिहिण्याच्या वेगाचा प्रश्न यानेही सुटत नाही, हे कबूल. त्यासाठी पहिल्या वर्षीच तीन तासांचा एक पूर्ण सराव पेपर घ्यायला लागेल, आणि तो तपासायला आम्हा मास्तरांनाच बसायला लागेल.

ज्यांची पोरं यंदा सापडली आहेत त्यांच्यासाठी एवढंच. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागा, आतल्या गुणांची बेरीज स्वतः करा आणि मर्यादा १०० वरच्या गुणांना लावली की ५० वरच्या, हे लेखी विचारा. अर्जाची मुदत कमी असते, आधी तारीख बघा. टेस्टच्या पेपरांची झेरॉक्स सोबत जोडा.