तारीख दिसली, म्हणून बाटली खरी?

«परफ्यूमच्या बाटलीखालचा कोड साइटवर टाका. उत्पादनाची तारीख आली तर माल १००% ओरिजिनल. कोड खरवडलेला असेल, रंग गडद असेल किंवा स्प्रेचं तोंड फिरवून निघत असेल तर नकली. खोका जाड आणि वरचं प्लॅस्टिक घट्ट असेल तर डोळे झाकून घ्या. फार स्वस्त मात्र घेऊ नका.»

हा मजकूर मावशीने मला पाठवला तो काकांच्या साठीसाठी १०० मिलीची बाटली घेऊन झाल्यावर. कोड टाकला, मार्च २०२३ आलं, बाई निर्धास्त. सात दिवसांची परत करण्याची मुदत सरली. नवव्या दिवशी काकांनी फवारलं, तर वीस मिनिटांत वास गायब. मी दहा वर्षं परफ्यूमच्या काउंटरवर उभा आहे, म्हणून बाटली माझ्याकडे आली.

त्या साइटी करतात काय, ते आधी समजून घ्या. कंपनीच्या कारखान्यात एका दिवशी भरलेल्या हजारो बाटल्यांवर एकच कोड असतो. साइट फक्त त्या अक्षरांची तारीख लावून दाखवते. तुमच्या हातातली बाटली त्या हजारांतली आहे का, हे तिला कळायचा मार्गच नाही. नकली माल करणारा दुकानातून एक खरी बाटली घेतो आणि तिचाच कोड आपल्या सगळ्या खोक्यांवर छापतो. मग तारीख येणारच, आणि अगदी बरोबर येणार! वर काही कंपन्यांच्या कोडमध्ये वर्षासाठी एकच आकडा असतो, त्यामुळे तोच कोड २०१३चाही वाचता येतो आणि २०२३चाही.

कोड अगदीच निरुपयोगी आहे असं नाही, पण तो उलट्या बाजूने कामाला येतो. खोक्यावरचा आणि बाटलीवरचा कोड जुळत नसेल तर गडबड आहे. किंवा परफ्यूम बाजारात येण्याच्या आधीची तारीख निघाली तर : दिओरचं सोवाज २०१५ साली आलं, त्यावर २०१२ निघालं आणि दहा वर्षांचा फेराही बसत नसेल, तर खेळ खलास. कोड नकली माल पकडून देऊ शकतो. अस्सलपणाचा दाखला देऊ शकत नाही.

खरवडलेल्या कोडचं तर भलतंच. खरा माल कंपनीच्या ठरलेल्या वाटेबाहेर विकणारे व्यापारी, कुठल्या वितरकाकडून फुटला ते कळू नये म्हणून, कोड मुद्दाम घासून टाकतात. अशी बाटली मी घेणार नाही, पण तिला लगेच नकली म्हणणंही चूक.

रंगाचं म्हणाल, तर व्हॅनिला असलेला सुगंध वर्षा-दोन वर्षांत आपोआप मधासारखा होतो. खिडकीत ठेवलेली खरी बाटली पाहा म्हणजे कळेल. स्प्रेचं तोंड पुन्हा भरता येणाऱ्या खऱ्या बाटल्यांचंही फिरून निघतं. प्लॅस्टिक गुंडाळायची यंत्रं कुणाकडेही असतात.

मावशीची बाटली मी काउंटरवरच्या त्याच परफ्यूमशेजारी ठेवली. आमच्या बाटलीतली नळी तळाला जेमतेम टेकत होती. तिच्यातली तळाशी दुमडून वर वळली होती. आमचा स्प्रे धुकं सोडत होता, तिचा थेंब थुंकत होता. शेजारी खरी बाटली असली तरच हे दिसतं, हेही मान्य.

पण मला खरं उत्तर खोक्याच्या पाठीवर मिळालं, कारण तिथे काहीच नव्हतं. परफ्यूम आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांत मोडतं. सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे परदेशी मालाची केंद्राकडे नोंदणी लागते, आणि लेबलवर नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक व आयातदाराचं नाव-पत्ता लागतो. वजन-मापांच्या नियमांमुळे एमआरपीही लागते. बहुतेकदा हे सगळं एका छोट्या चिकटपट्टीवर असतं. मावशीच्या खोक्यावर ती नव्हती. बहिणीने दुबईहून आणलेल्या बाटलीवर नसेल तर समजू शकतो, पण भारतातल्या विक्रेत्याने पावती देऊन पाठवलेल्या मालावर का नसावी? चिकटपट्टीही खोटी छापता येते, म्हणून नुसती पाहून थांबायचं नाही. आयातदाराचा ग्राहकसेवा क्रमांक कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्यायचा, खोक्यावरचा नाही, आणि पावतीवरचा विक्रेता त्यांचा आहे का ते विचारायचं.

स्वस्ताबद्दलचं बोलणं अर्धं खरं आहे, एवढं कबूल करतो. आठ हजारांची बाटली नऊशेला मिळाली तर विचारायलाच नको. पण मावशीला ती साडेसहा हजारांना मिळाली होती. हुशार नकलाकार एवढीच सूट देतो, की गिऱ्हाइकाला सेल वाटावा.

परत घ्यायला विक्रेता तयार नाही. काल तिच्याकडून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून घेतली. पावती, दोन्ही बाटल्यांचे शेजारी ठेवून काढलेले फोटो आणि खोक्याच्या रिकाम्या पाठीचा फोटो जपून ठेवले आहेत. साइटवर आलेल्या तारखेचा स्क्रीनशॉटही जोडायचा म्हणत होती. मी म्हटलं, मावशी, तो राहू दे.