शेवटी उरलेला दट्ट्या

'मॉन्टेसरी बरी की नेहमीची बालवाडी?' असे नाशिकमधले ओळखीचे पालक प्रवेशाच्या दिवसांत हमखास विचारतात. मी दोन्हीकडे शिकवले आहे, म्हणून उत्तरादाखल मॉन्टेसरीतल्या एकाच साधनाबद्दल सांगते.

लाकडी ठोकळ्यात दहा भोके असतात आणि त्यांत मुठीचे दहा दट्टे बसतात. असे चार ठोकळे असतात. त्यांपैकी एकात सर्व दट्ट्यांची उंची सारखी असते, जाडी मात्र साडेपाच सेंटिमीटरपासून एक सेंटिमीटरपर्यंत अर्ध्या-अर्ध्या सेंटिमीटरने उतरत जाते. परवा सव्वातीन वर्षांच्या एका मुलीने तीनचा दट्ट्या साडेतीनच्या भोकात सोडला. तो आत गेला, किंचित हललाही, पण तिला ते जाणवले नाही. मग साडेतीनचा दट्ट्या चारच्या भोकात गेला. शेवटी तिच्या हातात चारचा दट्ट्या उरला आणि रिकामे राहिले ते तीनचे भोक. तिने तो दाबून पाहिला, फिरवून पाहिला, मग ठोकळ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि शेजारचे दोन दट्टे उपसून काढले. मी हात पाठीमागे बांधून उभी होते. (हे शिकायला मला वर्ष लागले.)

माझ्या आधीच्या शाळेत हाच 'लहान-मोठे'चा पाठ हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून, चाळीस मुलांना एकदम होत असे. मुले वहीत मोठ्या फुग्याला गोल करीत आणि चुकलेल्याला लाल फुली मिळे ती दुसऱ्या दिवशी, म्हणजे फुगा विसरून गेल्यावर. चूक झाली हे मुलाला कळायचे, पण कशी झाली हे कळायला हातात काहीच नसायचे.

मात्र साधन नेमके नसेल, तर मॉन्टेसरीची पद्धतही पोकळ ठरते. स्वस्त नकलांमध्ये भोके ऐसपैस कोरलेली असतात, त्यामुळे चारचा दट्ट्या तीनच्या भोकातही दडपून बसतो आणि चूक दिसतच नाही. शाळा बघायला जाल तेव्हा एक दट्ट्या मुद्दाम लगतच्या लहान भोकात घालून पाहावा. अशा नकलेपेक्षा भांडी बाजारातला एकात एक बसणाऱ्या स्टीलच्या डब्यांचा संच बरा, कारण चुकीचे झाकण एकतर आत पडते, नाहीतर लागतच नाही.

आणि भाषेपाशी साधनाचे स्वतःहून चूक दाखवणे संपते. खरखरीत कागदाच्या 'ळ'वरून मूल अचूक बोट फिरवते आणि तोंडाने 'ल' म्हणते, तेव्हा कागद काही बोलत नाही. तिथे मी पाठीमागचे हात सोडून शेजारी बसते आणि 'बाळ', 'फळ', 'नळ' असे शब्द त्याच्याकडून लगेच म्हणवून घेते. गोष्टीच्या वेळी तर सगळे गोल करून बसतात आणि वर्ग पूर्णपणे ताईच्या हातात असतो, अगदी जुन्या शाळेसारखा.