नव्वद टक्के झालंय, सर!

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या पोरांना युजर स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं आणि कशासाठी ते एका वाक्यात, लिहायला सांगितली की पहिली स्टोरी ठरलेली असते: ‘डेव्हलपर म्हणून मला डेटाबेस हवा आहे, म्हणजे डेटा साठवता येईल.’ मी विचारतो, ‘हे वापरणार कोण?’ उत्तर येतं, ‘आम्हीच, सर.’

अ‍ॅप चिमुकलं. कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तक आहे की कुणी नेलंय, ते फोनवर दिसावं, बस्स. पाच जणांचा गट, कामाचा टप्पा म्हणजे स्प्रिंट दोन आठवड्यांचा. पोरांनी भावाभावांत वाटणी करावी तशी कामं वाटली: एकाला डेटाबेस, एकाला सर्व्हर, एकाला स्क्रीन, एकाला लॉगिन. पाचव्याकडे डॉक्युमेंटेशन, म्हणजे तो थेट परीक्षेलाच दिसणार.

रोजच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे उभ्या उभ्या घेतलेल्या छोट्या बैठकीत, मी विचारलं की प्रत्येक जण म्हणे, ‘नव्वद टक्के झालंय, सर.’ शेवटी डेमो. लॉगिनचं बटण काय झोकात चमकलं! पुढे मात्र सगळं ठप्प. स्क्रीनवाला `bookId` पाठवत होता आणि सर्व्हरवाला `book_id` ची वाट पाहत बसला होता. दोघं शेजारी शेजारी बसतात, हे विशेष.

मग स्टोरीच्या आकाराला दिलेल्या पॉइंटवरून घासाघीस. ‘सर, आठ पॉइंटची स्टोरी आहे, सात तरी द्या!’ अर्धवट स्टोरीला स्प्रिंटमध्ये शून्य, ती परत बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत जाते, हे त्यांना पटेना. पेपर कोरा ठेवूनही चार गुण मिळवायची सवय जाता जात नाही.

पुढच्या स्प्रिंटला मी एकच स्टोरी घ्यायला लावली: ‘विद्यार्थी म्हणून मला पुस्तकाचं नाव टाकून ते उपलब्ध आहे का ते पाहायचं आहे, म्हणजे ग्रंथालयात फुकट खेप पडणार नाही.’ लॉगिन नाही. दहाच पुस्तकं, तीही टेबलात हातानं भरलेली. पण स्क्रीनपासून डेटाबेसपर्यंत सगळ्याचा एकेक पातळ काप त्यात आला. लॉगिनवाल्यानं सुतक पाळलं.

स्टोरी किती पॉइंटची, या अंदाजाला सगळ्यांनी एकदम आकड्यांचे पत्ते उघडले. चौघांचा 2, पाचव्याचा, म्हणजे डॉक्युमेंटेशनवाल्याचा, 13! हशा पिकला. तो शांतपणे म्हणाला, ‘एकाच पुस्तकाच्या तीन प्रती असतील, तर?’ हसू विरलं. टेबलात प्रतींना जागाच नव्हती. मग स्वीकाराचे निकष लिहिले: एक जरी प्रत कपाटात असेल तर ‘उपलब्ध’, सगळ्या बाहेर असतील तर सर्वांत जवळची परतीची तारीख, आणि नाव सापडलंच नाही तर तसा निरोप. अर्धवट नाव टाकून शोधणं ही वेगळी स्टोरी ठरली. तेवढं ठरवायला अर्धा तास भांडण.

रिव्ह्यूला ग्रंथपाल बाईंना बोलावलं. त्यांनी फोन हातात घेतला, नाव टाकलं, तारीख आली. पोरं खूश.

‘छान आहे,’ बाई म्हणाल्या, ‘पण ही प्रत हरवून वर्ष झालं. तारीख कुठली दाखवता?’

चौघांनी वळून पाचव्याकडे पाहिलं. तो बॅकलॉगमध्ये आधीच लिहायला लागला होता: ‘ग्रंथपाल म्हणून मला...’