एक दिवस उशीर, तीन महिन्यांचं व्याज: एका प्रतिक्रियेला उत्तर

«डिसेंबरचा हप्ता १५ ऐवजी १७ तारखेला भरला म्हणून तुम्ही सरळ तीन महिन्यांचं व्याज लावलंय. अपुरा महिना पूर्ण धरला तरी एकच महिना होतो, हे शाळकरी पोरालाही कळेल. ४४एडीए वाल्यांचा उल्लेखच नाही. सप्टेंबरला सूट का नाही दिली? सी.ए. नसताना लोकांना असे तक्ते वाटू नका.»

नमस्कार. ही प्रतिक्रिया आली ती आगाऊ आयकराचे हप्ते चुकल्यावर किती व्याज लागतं, या माझ्या तक्त्यावर. शाळकरी पोराला मध्ये आणायची गरज नव्हती. तुमचं नाव मी खाली नेहमी पाहतो, म्हणून हा सूर जास्त लागला. असो.

एक गोष्ट मान्य. ४४एडी किंवा ४४एडीए खाली अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्यांना चार हप्ते नसतात. सगळा कर १५ मार्चपर्यंत भरायचा आणि कमी पडला तर एका महिन्याचा एक टक्का. ही ओळ तक्त्याखाली घालायला हवी होती. पण तक्ता जमाखर्चाची वही ठेवणाऱ्या भाषांतरकाराचा आहे, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. तो तुम्ही वाचला नसावा.

आता डिसेंबर. वर्ष २०२४-२५, टीडीएस वजा जाता कर १,८०,००० रुपये. डिसेंबरच्या मुदतीपर्यंत एकूण ७५ टक्के, म्हणजे १,३५,००० जायला हवे होते. गेले होते ६२,०००. कमी पडले ७३,०००. त्यावर दरमहा एक टक्का, तीन महिने: २,१९०. सतरा तारखेला भरलेले ५०,००० इथे धरतच नाहीत. ते मार्चच्या बेरजेत येतात.

तुमचा हिशोब असा दिसतो: उशिरा आलेल्या ५०,००० वर एक महिना, म्हणजे ५००, आणि उरलेल्या २३,००० वर तीन महिने, म्हणजे ६९०. एकूण १,१९०. ऐकायला न्याय्य वाटतं. पण हप्त्यांवरचं व्याज ठरवणाऱ्या, आयकर कायद्याच्या कलम २३४सी मध्ये किती दिवस उशीर झाला हे मोजायची सोयच नाही. ठरल्या तारखेला किती कमी होते एवढंच ते कलम विचारतं, आणि पहिल्या तीन हप्त्यांना तीन महिने, शेवटच्याला एक महिना, असा काळ कायद्यानेच बांधून दिलाय. तुम्ही म्हणता तो ‘अपुरा महिना पूर्ण धरा’ नियम २३४बी चा. वर्षभरात नव्वद टक्केही भरले नसतील तर तो लागतो. याच माणसाने ३१ मार्चपर्यंत १,६०,००० च भरले असते आणि उरलेले २०,००० तीन जुलैला, तर एप्रिल ते जुलै असे चार महिने, ८०० रुपये. त्याने १,७२,००० भरलेत, त्यामुळे २३४बी त्याला लागूच नाही.

आणि उशीर दोन दिवसांचाही नव्हता. १५ डिसेंबर २०२४ ला रविवार होता. शेवटच्या दिवशी बँक बंद असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी भरलेलं चालतं, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या १९९४ च्या परिपत्रकात आहे. सोमवारी, १६ ला, हे पैसे गेले असते तर व्याज ६९० वर थांबलं असतं. मंगळवार झाला आणि १,५०० जास्त गेले. अन्याय वाटतो? मलाही वाटतो. पण तक्त्यात वाटणं लिहायला रकाना नसतो.

सप्टेंबरची सूट ३६ टक्क्यांवर मिळते, म्हणजे ६४,८००. त्याचे ६२,००० होते. सीमा हुकली की कमतरता ३६ पासून नव्हे, ४५ टक्क्यांपासून मोजतात: १९,०००, व्याज ५७०. जूनला त्याने २२,००० भरले होते, १२ टक्क्यांची सीमा २१,६००, म्हणून तिथे शून्य. डिसेंबर-मार्चला अशी सूट नाही. झालं.

राहता राहिलं माझं सी.ए. नसणं. नाहीच आहे. नोकरी सोडून भाषांतरांवर जगायला लागलो तेव्हा माझा तक्ता एका कर सल्लागाराकडे होता. त्यांनीही तुमच्यासारखंच दिवस मोजून व्याज काढलं होतं. मग आयकर खात्याची १४३(१) ची सूचना आली, फरकाची मागणी घेऊन. ती मी भरली, त्यांनी नव्हे. तेव्हापासून तक्ता स्वतः करतो आणि व्याजाचा आकडा त्या सूचनेशी ताडून बघतो. पदवी मागायची तर आधी ती सूचना मागा.

तुमच्याकडे एक्सेल असेलच. सी रकान्यात चलनाची तारीख, डी मध्ये रक्कम ठेवा आणि हे टाका:

```
=SUMIFS(D:D,C:C,"<="&DATE(2024,12,16))
```

६२,००० येतील. १,१२,००० आले तर सी मध्ये तुम्ही चलन तयार केल्याची तारीख घातली आहे. पैसे जमा झाल्याची तारीख आयकर खात्याच्या वार्षिक माहिती पत्रकातून, म्हणजे एआयएस मधून घ्या आणि मग मला लिहा.