आजीला भेट द्या, तिची परीक्षा घेऊ नका

आज आमच्या आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. 81 पूर्ण. सकाळी होम, मग 81 दिव्यांनी ओवाळणं, मग पंगती. सगळं रीतीप्रमाणे पार पडलं आणि तरीही मी आत्ता रात्री संतापून हे लिहिते आहे.

आजीला स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीये, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, बी-12 आणि थायरॉईड बघून झालं, औषध सुरू आहे. ती स्वतःचं स्वतः करते, पूजा करते, चहा टाकते. पण सकाळी कोण येऊन गेलं ते दुपारी आठवत नाही, आणि "गॅस बंद केला का गं?" हे संध्याकाळभर चालू असतं. एवढं ठाऊक असूनही आज जो तो तिच्यासमोर वाकायचा आणि विचारायचा, "ओळखलंत का काकू? बघा बरं नीट. सांगा पाहू मी कोण?" आजी हसायची, पदर सारखा करायची आणि म्हणायची, "अगं, तुला नाही ओळखणार होय!" ती ओळखत नव्हती. ती वेळ मारून नेत होती. दिवसभर, स्वतःच्या सत्काराच्या दिवशी.

मग एका भावाने टॅब दिला. त्यात स्मरणशक्तीचे खेळ. चित्रं झाकायची, जोड्या लावायच्या. चुकलं की लाल फुली आणि भोंग्यासारखा आवाज. भर हॉलमध्ये तिला खेळायला लावलं. दोन-तीन फुल्या आल्यावर आजीने तो मांडीवर उपडा ठेवला आणि म्हणाली, "माझं डोकं आता चालत नाही रे बाळा." सगळे हसले. मला रडू आलं.

अरे, सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला कळत असतं! आपलं काहीतरी निसटतंय हे तिला आपल्या आधी कळलंय. म्हणून ती हल्ली चारचौघांत गप्प बसते. तिच्या हातात अशी वस्तू का द्यायची, जी मिनिटामिनिटाला तेच दाखवून देईल?

ज्यांना कोडी सोडवायची मुळातच आवड आहे, त्यांना ती द्यावीत, मान्य. आमच्या आजीने जन्मात कोडं सोडवलेलं नाही.

तिने जन्मभर काय केलं? गोधड्या शिवल्या. वाती वळल्या. रेडिओ ऐकत धान्य निवडलं. हा आजार आधी ताज्या गोष्टी पुसतो. मेंदूचा जो भाग नवी आठवण साठवतो, तोच सहसा सगळ्यात आधी दुखावतो. जुनं बराच काळ टिकतं, आणि हातात मुरलेलं त्याहूनही जास्त. मग भेट तिथे पोचेल अशी नको का द्यायला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट सांगते. आत्याने आजीसाठी एक छोटी गोधडी शिवून घेतली होती. आजीच्या आईचं जांभळं लुगडं, आजोबांचा धुवून धुवून मऊ झालेला सदरा, आजीची एक सुती इरकल. त्या संध्याकाळी आजी फार अस्वस्थ होती. पैशांची पिशवी सापडत नव्हती आणि कामाच्या मावशींनीच घेतली असं ती म्हणत होती. मावशींचा चेहरा उतरलेला, आजीचा आवाज चढलेला. आत्या काही न बोलता तिच्याशेजारी बसली आणि गोधडी तिच्या मांडीवर टाकली. आजीचा हात आपोआप काठावर गेला. बोटं शिवणीवरून सरकायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "हे आईचं आहे." आणि मग एकदम करड्या आवाजात, "टाका केवढा मोठा घातलाय! कोणी शिवली ही?"

ज्या बाईला पिशवी कुठे ठेवली ते आठवत नव्हतं, तिने गोधडीतला चुकार टाका बोटांनी शोधून काढला. मग धावदोरा कडेकडेने घालत आत आत कसा न्यायचा, मधे कापड फुगू नये म्हणून तळहाताने कसं दाबत जायचं, हे तिने आत्याला शिकवलं. पिशवी मागाहून देव्हाऱ्याच्या खणात मिळाली. तोवर आजी तो विषय विसरली होती, पण तिचं मन निवलेलं तसंच राहिलं. ती रात्री शांत झोपली.

म्हणून मला कोणी विचारलं की काय देऊ, तर मी आधी गोधडी सांगते. पलंगावरची मोठी नको. अडीच फूट बाय तीन फूट, मांडीवर मावेल एवढी. थर तीनच, कारण म्हाताऱ्या गुडघ्यांना ओझं नको. हल्ली वजनदार पांघरुणं मिळतात, ती अशक्त माणसाला स्वतःहून बाजूला सारता येत नाहीत. वरचे तुकडे हाताला वेगवेगळे लागणारे हवेत, म्हणजे मऊ सुती लुगडं, खणाचा खरखरीत तुकडा, इरकलीचा जाड काठ. टिकल्या, मणी, आरसे अजिबात नकोत. ते सुटतात, आणि आजार वाढला की तोंडात जाऊ शकतात. शिवून आली की हात फिरवून बघा, टाचणी राहिलेली नाही ना. आणि ती ज्या साड्या अजून नेसते त्यांना कात्री लावू नका. ती कपाटात ती साडी शोधत बसेल आणि पुन्हा कोणावर तरी आळ येईल.

जी बाई गोधडी शिवणारी नव्हती, तिला ती द्या असं मी म्हणत नाही. तिला वातीचा कापूस द्या. पाटावर बसून वाती वळणाऱ्या हातांना तेवढं पुरतं. वात वाकडी आली तरी समईत जळतेच. तिथे लाल फुली येत नाही.

आता गाण्यांचं. "आजीला जुनी गाणी आवडतात" म्हणून कोणीतरी मोबाईलवर भरमसाट गाणी लावून निघून जातं. अर्ध्यात कर्कश जाहिरात येते, आजी दचकते, आणि बंद कसं करायचं ते तिला ठाऊक नसतं. छोटा स्पीकर घ्या, पेनड्राइव्ह लागेल असा, मोठ्या बटणांचा. वीस-पंचवीस गाणी पुरेत. ती निवडताना साधा हिशेब करा. माणसाच्या मनात दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतचं बहुधा सगळ्यात घट्ट बसलेलं असतं. आमची आजी 1944 ची. म्हणजे 1954 ते 1969. एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर दर आठवड्याला गीतरामायणातलं एकेक नवं गीत लागायचं, तेव्हा ती अकरा वर्षांची होती. वाईला शेजारच्या वाड्यात रेडिओ होता आणि सगळ्या बायका-पोरी तिथे जमायच्या, हे ती अजूनही सांगते. तुम्ही तिच्यासाठी नव्वदच्या दशकातली गाणी भरून आणलीत, तर ती तुमच्या लहानपणाची झाली, तिच्या नव्हे.

लावायची कधी? आमच्याकडे दिवेलागणीच्या थोडं आधी. त्याच वेळी तिची घालमेल वाढते. टीव्ही बंद, आवाज बेताचा, अर्धा तास पुष्कळ झाला. आणि तिच्याकडे बघत बसा. बोटं मांडीवर ताल धरताहेत, ओठ हलताहेत, तर चालू द्या. पदराचं टोक पिळायला लागली, दाराकडे बघायला लागली, तर गाणं बदला. आजोबांच्या आवडीचं एक भावगीत लागलं की आजी कोमेजते. ते आम्ही काढून टाकलं.

त्या गोधडीच्या संध्याकाळीही आत्याने नंतर हळू आवाजात भूपाळी लावली होती. भर संध्याकाळी भूपाळी! पण आजी म्हणाली सुद्धा, एकही शब्द न गाळता.

आणि फोटो. इथे मला परत राग येतोय. आज चार भिंतीवरचे कोलाज आले. एकेका चौकटीत तीस-तीस चेहरे, सगळे गेल्या दहा वर्षांतले, चकचकीत काचेखाली. दिव्याचा उजेड पडला की काही दिसत नाही. एक डिजिटल फ्रेमही आली, दर पाच सेकंदाला चित्र बदलणारी. ती चेहरा नीट बघून नाव जुळवेपर्यंत पुढचा माणूस हजर.

परदेशातल्या नातवंडांना वाटतं आजीने आपल्याला रोज बघावं. वाटणारच, त्यात गैर काही नाही. लावा तुमचाही एक फोटो, मोठा, एकट्याचा, खाली नाव लिहून. पण तिला धीर देणारे चेहरे तुमचे नसतील. ते तिच्या आईचे, बहिणींचे, वाईच्या वाड्याच्या ओट्याचे, कृष्णेच्या घाटाचे असतील. त्या काळचे फोटो काडेपेटीपेक्षा थोडेच मोठे असतात. ते स्कॅन करून सहा बाय आठ इंचांवर छापून घ्या, मॅट कागदावर, म्हणजे चकाकणार नाहीत. एका पानावर एकच फोटो. दहा-बारा पानं बास. फोटोखाली ठळक, मोठ्या अक्षरात नाव आणि जागा. मागच्या बाजूला लिहिलेलं तिच्या काय उपयोगाचं?

आणि बघताना विचारू नका हो, "ही कोण?" आपणच म्हणावं, "ही तुझी माई ना, गणपतीच्या घाटावर. किती लांब केस होते तिचे!" मग तिला जे सुचेल ते ती बोलेल, किंवा नुसती बघेल. गेलेल्या माणसाच्या फोटोवर डोळे भरून आले, तर जवळ बसावं, हात धरावा, पान उलटावं. रोजच रडू यायला लागलं तर ते पान काही दिवस काढून ठेवावं.

टॅब आणणाऱ्या भावावर मी आज ओरडले नाही. त्याचं प्रेम आहे आजीवर, पैसेही चिक्कार खर्च केलेत. पण रात्री त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या आईकडे आजीचं एक जुनं लुगडं आहे, पाठवू का?"

पाठव म्हटलं, लगेच पाठव. तुम्हालाही तेच सांगते. घरात आजीची जुनी सुती लुगडी असतील, तर भांड्यांच्या बदल्यात बोहारणीला देऊ नका. आणि जुन्या फोटोंवर नावं लिहायचं काम या महिन्यातच उरका, कारण ती नावं अजून आजीच सांगू शकते. रविवारी आत्या येणार आहे. आमच्याकडे वाईच्या हळदीकुंकवाचा एक फोटो आहे, त्यातल्या मागच्या रांगेतल्या बायका त्या दोघींशिवाय कोणालाच ओळखता येत नाहीत. आत्या एकेक नाव घेईल, आजी चुका काढेल, आणि मी लिहून घेईन.