सूचना वाचली सर, फक्त एक विचारायचं होतं

रात्री पालकांच्या गटात सूचना टाकली. दहा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल सराव कोणत्या वारी, किती वाजता, अंगात काय, पिशवीत काय आणि घरी न्यायला कोण, एवढाच मजकूर. मिनिटाभरात पटापट अंगठे उमटले आणि अंगठ्यांच्या पाठोपाठ पहिला प्रश्न आला, "सर, उद्या किती वाजता?" विचारणाऱ्यांचा अंगठा रांगेत सगळ्यात वर होता.

आता यात चिडण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात. सगळ्यांना म्हणायला काय जातं!

पालक सूचना वाचत नाहीत, हे खरं नाही. ते पहिल्या दोन ओळी वाचतात, कारण फोन न उघडता पडद्यावर तेवढ्याच दिसतात. त्या दोन ओळींत "आदरणीय पालकवर्ग, आपणांस कळविण्यात अत्यंत आनंद होतो की" असं लिहिलं, तर पालकांपर्यंत आनंद पोचतो आणि वेळ आत राहते. म्हणून माझी सूचना नमस्काराशिवाय सुरू होते. "शनि-रवि, संध्याकाळी ५ ते ६:१५. मैदानावर ४:४५ ला." आदर हवा असेल तर तो शेवटी, सहीच्या आधी.

त्यातही "संध्याकाळी" हा शब्द गाळायचा नाही. पहाटे पाचला पोराला घेऊन कुलूपबंद फाटकासमोर उभे राहणारे पालक असतात, आणि ते फोन करतात. "उद्या" हा शब्द तर कधीच वापरायचा नाही, कारण रात्री बारानंतर वाचणाऱ्याचा उद्या निराळा असतो. वार आणि तारीख दोन्ही लिहायची आणि पाठवण्याआधी कॅलेंडरात जुळवून बघायची. "शनिवार, १४" लिहिलं आणि चौदाला रविवार निघाला, तर निम्मे पालक वार पाळतात, निम्मे तारीख, आणि दोन्ही दिवशी अर्धाच संघ येतो. बदल असेल तर जुन्या सूचनेखाली पुरवणी जोडायची नाही. संपूर्ण सूचना नव्याने टाकायची आणि वर लिहायचं, "आधीची रद्द." नाहीतर कुणीतरी जुनीच पुढे पाठवतो.

आता ते ४:४५. "पाचला सुरू होतो, मग पावणेपाचला काय करायचंय?" हे कोणी तोंडावर विचारत नाही, पण पाच दहाला येऊन कृतीने विचारतं. त्या पंधरा मिनिटांत हजेरी होते, नाड्या बांधल्या जातात, उलटे मोजे सुलट होतात आणि कुणाला तरी ऐनवेळी लघवीला लागते. पाचला वॉर्म-अप सुरू. या वयासाठी 'फिफा ११+ किड्स' नावाचा तयार कार्यक्रम आहे. सात ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी सात व्यायाम, पंधरा-वीस मिनिटांचे. एका पायावर तोल सांभाळणं, उड्या आणि चक्क पडायचं कसं, कोलांटी घेऊन अंग कसं सोडायचं, याचा सराव त्यात असतो. उशिरा येणाऱ्या मुलाचा नेमका हाच भाग बुडतो, आणि या वयात मैदानावर पोरं सगळ्यात जास्त जे करतात ते म्हणजे पडणं.

साहित्याच्या ओळीत पाचच गोष्टी लिहिल्या होत्या. बाह्यांचा टी-शर्ट आणि चड्डी, लांब मोजे, शिनगार्ड १ जोडी, स्टडचे बूट, नाव घातलेली पाण्याची बाटली. यावर काय शंका निघणार, या विचाराने मी फोन ठेवणार तोच एका मुलाच्या बाबांचा फोन आला.

"सर, ते शिनगार्ड. दोन लागतात का?"

"पाय दोन आहेत ना."

"पाय आहेत हो, एक शिनगार्ड हरवलंय. तसंही आमचा उजव्या पायानेच मारतो. उजव्याला एक पुरे ना?"

म्हटलं, "एकच घालायचं असेल तर डाव्याला घाला."

बाबा थोडा वेळ गप्प. मग हलक्या आवाजात, माझ्या तब्येतीची काळजी असल्यासारखं, "सर, तुम्हाला उजवा म्हणायचंय."

मी समजावून सांगितलं. उजव्याने मारणारा मुलगा डाव्यावर उभा असतो. उजवा हवेत असतो, हलतो, निसटू शकतो. डावा चेंडूच्या शेजारी रोवलेला असतो, त्यावर सगळं वजन असतं, तो हलवता येत नाही. समोरचा मुलगा चेंडूवर पाय टाकतो, चेंडू तोवर निघून गेलेला असतो आणि तिथे उरते ती डावी नडगी. शिवाय समोरचाही उजव्याने मारायला आला, तर उजव्या नडगीवर उजवी आदळतेच. नडगीच्या हाडावर पुढून मांस नाही, कातडीखाली लगेच हाड. तेव्हा दोन्ही.

"पण त्याच्याकडे चेंडू फारसा येतच नाही, सर." यात बापाचं दुःखही होतं.

"चेंडू येत नाही, तोच चेंडूकडे जातो. सगळेच जातात." या वयाची पोरं जागा धरून खेळत नाहीत. चेंडू जिथे, तिथे गोलकीपर सोडून सगळा गाव. मारामारी नसतेच, नुसती गर्दी असते, आणि त्या गर्दीत स्वतःच्याच संघातल्या मुलाची लाथ बसते.

"मग जाड पुठ्ठा चालेल? आतून कापूस लावून?"

पुठ्ठा घामाने मऊ होतो आणि दुमडतो, दुमडलेली कड नडगीत रुतते, हेही सांगितलं. त्यावर, "मोठ्या भावाचं आहे एक. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत येतं. छान झाकतं."

इथे मात्र मला बसून घ्यावं लागलं. शिनगार्ड उंचीप्रमाणे घ्यायचं असतं. खालची कड घोट्याच्या वाकण्याच्या जरा वर आणि वरची गुडघ्याच्या वाटीखाली दोन-तीन बोटं. गुडघ्यापर्यंत येणारं शिनगार्ड पाय दुमडला की वर ढकललं जातं, मग धावताना गोल फिरतं आणि पाच मिनिटांत पोटरीवर जाऊन बसतं. पोटरीचं संरक्षण उत्तम होतं. पोटरीला कोणी मारत नाही. "वाढत्या अंगाचं" घेण्याची ही पद्धत बुटांनाही लागू होते. दोन वर्षं पुरतील असे बूट घेतले की टाच आत घसरते, फोड येतात, अंगठ्याचं नख बुटाच्या टोकावर आपटून काळं पडतं. उभं राहिल्यावर अंगठ्यापुढे आडव्या अंगठ्याएवढी जागा, त्याहून जास्त नाही. ती मोजायची संध्याकाळी आणि जाड मोजे घालून.

"आणि हे मोज्याच्या वरून की आतून?"

आतून. आधी शिनगार्ड, त्यावर मोजा, शेवटी बूट. आणि बूट घालूनच यायचं असेल तर शिनगार्ड घरीच चढवून या. नाहीतर मैदानावर बूट उतरव, मोजा उतरव, शिनगार्ड, मोजा, बूट, गाठ. हे संघातल्या प्रत्येकाचं करायचं म्हणजे माझा अर्धा सराव गुडघ्यावर बसून होतो.

"म्हणजे दोनच लागतील."

"दोन."

"जोडीच घ्यावी लागणार."

"जोडी."

"तसं सूचनेत लिहायला हवं होतं, सर. पालकांना कसं कळणार?"

फोन ठेवल्यावर मी सूचना पुन्हा उघडून वाचली. "शिनगार्ड १ जोडी." ठळक अक्षरात होतं.

कानातल्याबद्दल तर बोलायलाच नको. फुटबॉलच्या नियम चारमध्ये दागिन्यांना बंदी आहे आणि वर टेप लावून झाकलेलेही चालत नाहीत, हे स्वच्छ लिहिलेलं आहे. तरी टेपचं बंडल घेऊन आई हजर. घड्याळ, कडं, मनगटावरचा रबरी पट्टासुद्धा काढायचा. चेंडू मी देतो, चार नंबरचा, त्यामुळे घरून आणू नका. वाढदिवसाला मिळालेला पाच नंबरचा हमखास कोणीतरी आणतं. तो मोठ्यांचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ग्रॅमपासून पुढे. नऊ वर्षांचं पोर तो अंगठ्याने ढोसायला लागतं, आणि ती सवय मोडायला मग फार दिवस जातात.

पावसात सराव होतो, विजेत होत नाही. हेही सूचनेत होतं. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद किंवा कमी गेले, म्हणजे ती दहाएक किलोमीटरच्या आत आहे. पोरं छपराखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं बाहेर नाही. नवा गडगडाट झाला की तीस मिनिटं पहिल्यापासून. या वेळात "आता तर थांबलंय, घ्या की" म्हणणाऱ्यांच्या डोक्यावर स्वतःची छत्री असते.

राहिलं घरी नेणं. इथे माझी विनोदबुद्धी संपते. "६:१५ ला सुटतो" असं लिहिलं की पालक ६:१५ ला घरून निघतात. म्हणून आता दोन वेळा लिहितो: सराव संपतो ६:१५, तुम्ही फाटकाशी ६:१०. रस्त्यापलीकडून गाडीचा हॉर्न वाजवून मूल मिळत नाही. हॉर्न ओळखीचा वाटला की पोर धावत सुटतं, दोन्ही बाजू न बघता. मोठ्या माणसाने गाडीतून उतरून फाटकापर्यंत चालत यायचं, मी यादीवर खूण करणार, मग मूल सोडणार. यादीत प्रत्येक मुलामागे तीन नावं. चौथं कोणी येणार असेल तर चार वाजेपर्यंत कळवायचं, आणि ते नोंदवलेल्या नंबरवरूनच.

न कळवता आलेला माणूस भला असतो, मुलाचा सख्खा काका असतो, मूलही त्याला ओळखतं. तरी मी थांबवतो. मूल ओळखतं एवढ्यावर सोडता येत नाही. मूल तर आईस्क्रीमवाल्यालाही ओळखतं. मी आईला फोन लावतो, माझ्याकडे नोंदवलेल्या नंबरवर. काकांनी "हा घ्या, मीच लावून देतो" म्हणून पुढे केलेल्या फोनवर बोलत नाही, कारण पलीकडे कोण आहे ते मला कसं कळणार? काका रागावतात. "मी काय चोर दिसतो का?" दिसत नाहीत. दिसत असते तर यादीची गरज काय होती?

शेवटचं मूल जाईपर्यंत माझ्याबरोबर दुसरं एक मोठं माणूस थांबतं. एकट्याने थांबायचं नाही आणि स्वतःच्या गाडीवर मूल घरी सोडायचं नाही, मग घर कितीही वाटेत असो. साडेसहाला पहिल्या नंबरला फोन, उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. दिवे लागतात, बिब मोजून होतात, चेंडूंची जाळी बांधून होते, सहकारी घड्याळ बघतो. सात वाजायला आले की गाडी येते, काच खाली होते आणि आतून प्रसन्न आवाज येतो, "अरे वा सर, अजून इथेच? आज काही जास्तीचा सराव होता का?"